वांग्याला घाम सुटेपर्यंत

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासे नसत, आणि ताटातली त्यांची जागा वांग्याचे काप घेत. मसाला तोच, तवा तोच, बांगड्याला लावायचा रवाही तोच. आषाढी एकादशीला घरातून गेलेलं वांगं चंपाषष्ठीला परत येई. मधल्या जवळजवळ पाच महिन्यांत काप होत ते सुरणाचे, कच्च्या केळ्याचे, नीरफणसाचे. त्यामुळे चंपाषष्ठीनंतरच्या पहिल्या गुरुवारी तव्यावर वांग्याचा काप पडला की आम्हा भावंडांना सण वाटायचा. बाहेरून रव्याचं कुरकुरीत कवच, आत लोण्यासारखा गर, आणि बोटांना तेल जेमतेम लागलेलं.

लग्नानंतर पुण्यात आले आणि पहिल्याच मार्गशीर्षात सहा माणसांसाठी मी तेच काप करायला घेतले. मंडईतून मोठं, जांभळं, तुकतुकीत वांगं आणलं. चकत्या केल्या, मसाला लावला, रव्यात घोळवल्या, आणि काप तेलकट होऊ नयेत म्हणून तव्यावर मुद्दाम थोडंच, दोन चमचे तेल घातलं. ते तेल पहिल्या चकत्यांनी मिनिटभरात पिऊन टाकलं. तवा कोरडा पडला, रवा करपायला लागला, म्हणून मी आणखी दोन चमचे घातले. तेही गेले. असं चार वेळा झालं. ताटात आले ते काळपट, मऊ काप. उचलताना रवा सुटून हातात यायचा आणि ताटलीत त्यांच्याभोवती तेलाचं कडं जमायचं. सगळ्यांनी जेवण नीट केलं, कुणी एक शब्द बोललं नाही, पण मला वाईट वाटायचं ते वाटलंच.

रात्री आईला फोन केला. तिने दोनच प्रश्न विचारले. मीठ लावून किती वेळ ठेवलं होतंस? आणि काप टाकताना तवा तापला होता का? मिठाचं मला माहीतच नव्हतं. आई पूजेला बसायच्या आधीच वांगं चिरून मीठ लावून मोरीजवळ तिरकं ठेवून द्यायची. आम्ही स्वयंपाकघरात येईपर्यंत ते काम उरकलेलं असायचं. तळताना तिला शंभर वेळा पाहिलं होतं, त्याआधीचा अर्धा तास कधी पाहिलाच नव्हता. फोनवर ती तिच्या बोलीत म्हणाली, "वांग्याक घाम सुटूक होयो." तेव्हापासून काप करायचे म्हणजे आधी घाम काढायचा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

सुरण किंवा कच्चं केळं इतकं तेल पीत नाही आणि वांगं मात्र पितं, याचं कारण गरात आहे. सुरणाचा गर घट्ट आणि पिठूळ असतो. वांग्याचा गर सैल पेशींचा, आणि पेशींमध्ये हवेच्या बारीक पोकळ्या. म्हणून तर एवढं मोठं वांगं हातात घेतलं की आकाराच्या मानाने हलकं लागतं, आणि कापलेल्या चकतीवर बोट दाबून सोडलं की खड्डा लगेच भरून येतो. ती चकती थेट तेलात पडली की त्या पोकळ्यांत तेल शिरतं. म्हणजे तव्यावर तेल किती घातलं हा मुद्दा नंतरचा. आत जागा रिकामी आहे, हा मूळ मुद्दा.

यात एक अडचणही आहे. वांगं घेताना आपण हलकं बघून घेतो, कारण जड वांग्यात बहुधा बिया जास्त असतात आणि जून बियांना कडवटपणा असतो. ते बरोबरच आहे. पण हलकं, कमी बियांचं, खायला उत्तम असं वांगंच तेलालाही सगळ्यात हावरं असतं. गोव्यात आगशीची मोठी वांगी कापांसाठी नावाजलेली आहेत. २०२३ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचा गर असाच मऊसूत, बिया कमी. पुण्यात ती मिळत नाहीत, म्हणून मी भरताचं जांभळं वांगं घेते. देठ हिरवा आणि ताठ, साल ताणलेली, कुठे किडीचं भोक नाही, एवढं बघते. भरल्या वांग्याची छोटी काटेरी वांगी कापांना घेत नाही. त्यांच्या चकत्या लहान होतात, आणि प्रत्येक चकतीला कडा जास्त म्हणून पीठ जास्त बसतं.

मिठाचं काम नीट समजावं म्हणून मागच्या वर्षी मी एकाच वांग्याचे दोन भाग करून पाहिलं. वांगं साधारण ४०० ग्रॅमचं होतं. देठ काढून त्याच्या करंगळीएवढ्या जाड, म्हणजे सेंटिमीटरभराच्या, बारा चकत्या झाल्या. याहून पातळ केल्या तर गर उरतच नाही, दोन्हीकडचं पीठ एकमेकांना चिकटल्यासारखं लागतं. फार जाड केल्या तर बाहेर रंग येतो आणि आत कच्चं राहतं. सहा चकत्या मी तशाच ठेवल्या. उरलेल्या सहांना दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा चहाचा चमचा बारीक मीठ चोळलं आणि चाळणीत उभ्या, एकमेकींना टेकवून ठेवल्या. खाली ताटली.

पाच मिनिटांत काही दिसत नाही. दहाव्या मिनिटाला कापलेल्या पृष्ठभागावर बारीक थेंब येतात, अगदी कपाळावर यावेत तसे. विसाव्या मिनिटापर्यंत ते थेंब एकमेकांत मिसळून ओघळू लागतात आणि ताटलीत पिवळट तपकिरी पाणी जमतं. अर्ध्या तासाने चकती उचलून वाकवून बघायची. मीठ न लावलेली चकती वाकवली की तुटते. मीठ लावलेली चामड्यासारखी लवते, आणि बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. हीच खूण. खड्डा राहिला म्हणजे पेशींतलं पाणी मिठाने बाहेर ओढलं, पेशी ढिल्या पडल्या आणि हवेच्या पोकळ्या बसल्या. स्पंज दाबून चपटा करावा तसं काम मीठ आतून करतं.

त्यानंतर चकती दोन तळव्यांमध्ये धरून दाबायची. पिळायची नाही, पिळली तर फाटते. माझ्या सहा चकत्यांतून ताटलीतलं आणि दाबून निघालेलं मिळून दोन मोठे चमचे पाणी आलं. मग जुन्या सुती पंच्याने टिपून घ्यायचं. अनेक घरांत या टप्प्यावर चकत्या धुतात. मी धूत नाही. धुतलं की स्पंजात पुन्हा पाणी गेलं आणि अर्धा तास वाया. त्याऐवजी मीठच बेताचं लावावं, ४०० ग्रॅमला एक चहाचा चमचा. त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं आणि उरतं ते चवीपुरतं असतं. मग पुढे मसाल्यात मीठ घालायचं नाही. हे विसरलं तर काप खारट होतात, आणि कोरड्या पिठात खारटपणा कळत नाही, तोंडातच कळतो.

चिरलेलं वांगं काळं पडू नये म्हणून आपण ते मिठाच्या पाण्यात टाकतो, त्याची आणि याची गल्लत होते. चमचाभर मीठ घातलेल्या पातेलंभर पाण्याने रंग टिकतो, रश्शाच्या भाजीला ते पुरेसं आहे. कापांना त्याचा उपयोग नाही. पाण्यात बुडालेली चकती ओलीच बाहेर येते, आणि ओल्या चकतीने तवा थंड होतो. कापांसाठी मीठ कोरडंच चोळावं लागतं. चकती थोडी काळवंडते खरी, पण हळद-तिखटाखाली ते दिसत नाही.

आता तेल. दोन्ही भाग मी वेगवेगळे तळले, मसाला आणि तवा एकच. प्रत्येक वेळी तेल मोजून घातलं आणि काप काढल्यावर तव्यात उरलेलं वाटीत ओतून पुन्हा मोजलं. मीठ न लावलेल्या सहा चकत्यांनी जवळजवळ पाच मोठे चमचे तेल घेतलं. मीठ लावलेल्यांनी दोन चमच्यांहून थोडं कमी. माझ्या एका स्वयंपाकघरातला, एका वांग्याचा हा हिशेब आहे. दुसऱ्या वांग्यात तो थोडा इकडेतिकडे होईल. पण ताटलीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन प्रकारच्या कापांत फरक असा होता की मोजायची गरजच नव्हती.

मसाला आमच्याकडे दोन पदरांत लावतात, मासे तळताना लावतात तसाच. आधी ओला पदर. दीड चहाचा चमचा मालवणी मसाला, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि कोकमाचं आगळ दोन चमचे. आगळ खारवलेलं असेल तर एकच चमचा आणि वर थोडं पाणी. हे कालवून चकतीच्या दोन्ही बाजूंना बोटाने पातळ सारवायचं. लेप जाड झाला तर तो तव्यावर वाफ धरतो आणि वरचं पीठ सुटतं. मग कोरडा पदर. दोन वाट्या तांदळाच्या पिठाला एक वाटी बारीक रवा, या प्रमाणात, पण एका वांग्याला वाटी लहानच घ्यायची. रव्याचा दाणा कुरकुरीतपणा देतो, तांदळाचं पीठ दाण्यांमधल्या फटी भरतं. नुसता रवा लावला तर कवच खरखरीत होतं आणि फटींतून तेल आत जातं. नुसतं तांदळाचं पीठ लावलं तर थर कडक होतो. बेसन मी घालत नाही, त्याने भज्याची चव येते आणि काप भजी नव्हे.

घोळवलेल्या चकत्या आधीच सगळ्या करून ताटात रचून ठेवायचा मोह होतो. मिठाचं पाणी वांग्यातून अजूनही हळूहळू येत असतं. दहा मिनिटांत कोरड्या पिठाची लापशी होते, आणि तव्यावर ती चकतीला न चिकटता तव्याला चिकटते. म्हणून तव्यात मावतील तेवढ्याच चकत्या घोळवायच्या, हाताने हलकं दाबून जास्तीचं पीठ झटकायचं आणि लगेच टाकायच्या. झटकणं महत्त्वाचं आहे. सैल पीठ तेलात गळतं, तळाशी करपतं आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके आणतं.

तवा माझा बिडाचा आणि तळाला सपाट आहे. पोळीचा खोलगट तवा यासाठी नको. तेल मधोमध साचतं, मधले काप पोहतात आणि काठचे कोरडे भाजतात. सपाट तव्यावर तळ पुरता झाकेल इतकं तेल लागतं. माझ्या तव्याला चार मोठे चमचे. जेवढं तेल घालू तेवढं काप पितील, हा समज त्या पहिल्या वर्षी मला नडला होता. तेल फार कमी असलं की ते चटकन थंड होतं, चकतीच्या उंचसखल पृष्ठभागाला सगळीकडे भिडत नाही, आणि जिथे भिडत नाही तिथे रवा कोरडाच राहतो. मग आपण वरून थंड तेल सोडतो आणि तेच आत जातं.

आईचा दुसरा प्रश्न, "तवो तापलो काय?", इथे येतो. चकती तापलेल्या तेलात पडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि जोराने बाहेर येते. कडेने उठणारे ते बारीक बुडबुडे म्हणजे ही वाफ. ती बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाट मिळत नाही. तेल कोमट असलं तर वाफच होत नाही, चकती गप्प पडून राहते आणि गप्प पडलेली चकती तेल पीत असते. म्हणून काप तळताना मी डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भिस्त ठेवते. चकती टाकताक्षणी चर्र आवाज आला नाही तर ती लगेच उचलून परत ताटात ठेवते आणि मिनिटभर थांबते.

तापलं की नाही ते बघायला चार रवाळ कण टाकायचे. ते तळाशी बसून राहिले तर थांबायचं. लगेच फेस धरून नाचू लागले तर तयार. तीन मोजेपर्यंत तपकिरी झाले तर तवा क्षणभर उतरवायचा, कारण वांगं शिजायच्या आधी तिखट जळतं आणि जळलेलं तिखट कडू लागतं. त्या कडवटपणाचा दोष मग उगाच वांग्याला देतात. चकत्या टाकल्यावर आच मध्यम करायची. एका वेळी पाचच टाकायच्या, मध्ये दोन बोटं अंतर ठेवून. तव्यावर दाटी केली की दहा-बारा ओल्या चकत्या मिळून तवा विझवल्यासारखा थंड करतात आणि त्यांची वाफ एकमेकींच्या पिठाला भिजवते.

पहिली तीन मिनिटं हात लावायचा नाही. पीठ धरलेलं नसताना उलथनं घातलं तर कवच तव्यावर राहतं आणि चकती उलथन्यावर येते. कवच धरलं की चकती आपणहून सुटते. तवा जरा हलवला की सरकते, तेव्हा उलटायची. दुसरी बाजू दोन-अडीच मिनिटांत होते. झाकण मी ठेवत नाही. मीठ न लावलेल्या जाड चकत्यांना काहीजण वाफ देतात, नाहीतर त्या आत कच्च्या राहतात. घाम काढलेल्या चकतीचा गर आधीच ढिला पडलेला असतो, तेवढ्या वेळात तो शिजतो. झाकणाखालचं पाणी मात्र पिठावर ठिबकतं आणि सगळं कवच मऊ करतं.

बुडबुडे आधी दाट असतात, मग विरळ होत जातात, आवाजही बारीक होतो. बुडबुडे जवळजवळ थांबले की काप त्या क्षणी काढायचे. आतलं पाणी संपत आलेलं असतं, आता वाफेचा जोर नाही, आणि रंग आणखी यावा म्हणून ठेवलेला प्रत्येक अर्धा मिनिट तेल आत घेतो.

तेलाचा मोठा हिस्सा तव्यावरून उतरवल्यावर आत जातो, हे मला फार उशिरा कळलं. काप थंड होऊ लागला की आतली वाफ पुन्हा पाणी होते, तिची जागा रिकामी होते आणि पृष्ठभागावरचं तेल त्या जागेत ओढलं जातं. म्हणजे काप काढल्यानंतरचा पहिला अर्धा मिनिट वाया घालवायचा नाही. झाऱ्यावर काप तव्याच्या कडेला उभा धरून चार थेंब गळू द्यायचे. मग ताटलीत एकावर एक न रचता जाळीवर उभे, एकमेकांना टेकवून ठेवायचे, जसे मिठाच्या वेळी चाळणीत होते तसेच. आडवे रचले की खालच्यांची वाफ वरच्यांना लागते आणि सुटलेलं तेल तळच्या कापात जमतं. कागदावर ठेवायचे तर गरम असतानाच वरून दुसरा कागद टेकवून टिपायचं. थंड झालेल्या कापावरून टिपायला काही उरलेलं नसतं.

दुसरा घाणा टाकायच्या आधी गळलेला रवा झाऱ्याने काढते, लागलं तर चमचाभर तेल घालते आणि पुन्हा चार कण टाकून बघते. एवढा धीर धरणं जिवावर येतं, कारण पानं वाढलेली असतात आणि वरण-भात निवत असतो. पण घाईत टाकलेला दुसरा घाणा ओळखू येतोच. ताटात पहिले काप संपतात आणि ते राहतात.

मुलगी आता आठवीत आहे. गुरुवारी शाळेतून आली की चाळणीतल्या चकत्यांवर एकेक बोट दाबून बघते आणि मला सांगते, या झाल्या, ही अजून फुगतेय. तिला मी हा अर्धा तास आधीपासून दाखवते, तळणं नंतर.

काप उरले तर रात्री ते मऊ पडलेले असतात. पुन्हा तेलात टाकायचे नाहीत. बिडाचा तवा कोरडाच तापवते आणि मंद आचेवर त्यांना ठेवते. दोन मिनिटांनी गर आणखी बसतो आणि प्यायलेलं तेल थोडं थोडं बाहेर सोडू लागतो. भरल्या वांग्यावर शेवटी तवंग दिसतो, तसंच काहीसं. तेल न घातलेल्या तव्यावर त्याच तेलात काप पुन्हा चुरचुरतात, कडा कुरकुरीत होतात, आणि आम्ही ते उभ्यानेच, दहीभाताबरोबर खातो.